स्ट्रेंथ 92 तरी चित्र फुटतंय: एका घरातल्या इनडोअर अँटेनाची केस

खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार साधी होती, दुपारी टीव्ही छान चालतो आणि संध्याकाळी बरोबर बघायच्या वेळेला चौकोन चौकोन पडतात, आवाज तुटतो, कधी स्क्रीन काळी होऊन नो सिग्नल येतं. सगळे चॅनेल नाही हां, काहीच. त्यांनी त्यावर उपाय म्हणून आधीच एक बूस्टर आणून लावलेला होता, आणि त्याने झालं असं की बॉक्सच्या मेन्यूतली स्ट्रेंथची पट्टी मस्त भरून आली पण चित्र फुटायचं ते फुटतच राहिलं. म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितोय, कारण पट्ट्या बघून अँटेना लावणारे बहुतेक लोक हीच पट्टी वर नेण्याच्या मागे असतात.

आधी घरात काय काय होतं ते. दुसरा मजला, टीव्हीचा सिग्नल सोडणारा टॉवर साधारण 20 किलोमीटरवर, म्हणजे घरातल्या अँटेनाने भागायला हरकत नाही असं अंतर. चपटा पॅनेल अँटेना, टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवलेला, त्याची केबल बूस्टरमधून सेट टॉप बॉक्समध्ये आणि बूस्टरला करंट टीव्हीच्या यूएसबीतून. टीव्हीच्या बरोबर समोर बाल्कनीचं मोठं सरकतं दार, अॅल्युमिनियमची फ्रेम आणि उन्हासाठी कोटिंग केलेली काच.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे अँटेनाला हात न लावता बॉक्समधल्या मॅन्युअल सर्चच्या स्क्रीनवर गेलो. ऑटो सर्च इथे कामाचा नाही, तो फक्त सापडलं की नाही सापडलं एवढंच सांगतो, मॅन्युअलमध्ये एक फ्रिक्वेन्सी निवडली की स्ट्रेंथ आणि क्वालिटी या दोन्ही पट्ट्या चालू राहतात आणि आपण बघत बसू शकतो. डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल नसतं, चॅनेलचा आख्खा गठ्ठा असतो, त्यामुळे "काहीच चॅनेल फुटतात" याचा अर्थ जवळजवळ नेहमी असा असतो की एक गठ्ठा नीट येतोय आणि दुसरा येत नाहीये. तसंच निघालं. 522 मेगाहर्ट्झवरचा गठ्ठा, स्ट्रेंथ 88, क्वालिटी 90 च्या आसपास स्थिर. 658 वरचा गठ्ठा, स्ट्रेंथ 92 आणि क्वालिटी 35 ते 80 मध्ये नुसती नाचतेय. फुटणारे सगळे चॅनेल या दुसऱ्या गठ्ठ्यातले.

आता इथे थांबून बघा, ज्याची स्ट्रेंथ जास्त तोच वाईट चालतोय. म्हणजे सिग्नल कमी पडतोय ही शंका इथेच संपली, आणि बूस्टरने फरक का पडला नाही तेही कळलं.

दोन पट्ट्या नक्की काय मोजतात ते समजलं की पुढचं सोपं जातं. स्ट्रेंथ म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात केबलमधून एकूण किती पॉवर आली, मग ती कशाची का असेना, टॉवरचा सिग्नल, त्याचेच परावर्तित तुकडे, शेजारच्या अॅडॅप्टरमधून सुटणाऱ्या नको त्या लहरींचा कचरा, बूस्टरने स्वतः घातलेला कचरा, सगळं त्यात धरलं जातं. क्वालिटी म्हणजे त्यातून बॉक्सला डेटा किती स्वच्छ वाचता आला, चुका किती येतायत आणि त्या दुरुस्त होतायत का. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये माइकवरचं बोलणं कसं घुमतं आणि आवाज वाढवला तरी शब्द कळत नाहीत, तेच इथे होतं. आणि हो, हे आकडे टक्क्यात दिसले तरी कंपन्यांमध्ये याचं काही एक ठरलेलं माप नाही, एका बॉक्सचे 60 दुसऱ्यावर 85 दिसू शकतात, त्यामुळे माझे आकडे तुमच्या बॉक्सला लावू नका, चढउतार बघा.

आकडा तुमच्या बॉक्ससाठी स्वतःच काढायचा असतो आणि ते अवघड नाही. चांगल्या चालणाऱ्या चॅनेलवर क्वालिटीची पट्टी बघत अँटेना हळूहळू वाकडा करत न्यायचा, चौकोन पडायला लागले की आकडा लिहून ठेवायचा. काकांच्या बॉक्सवर तो 45 च्या जवळ आला. डिजिटलमध्ये चित्र जुन्या टीव्हीसारखं हळूहळू मुंग्या येऊन खराब होत नाही, 45 च्या वर सगळं झकास आणि जरा खाली गेलं की खेळ खलास. म्हणजे 80 वर असताना चित्र 60 पेक्षा जास्त चांगलं दिसत नाही, फक्त खाली घसरायला जागा जास्त असते. म्हणून मी पुढे सगळीकडे एकच गोष्ट लिहून ठेवली, त्या जागेवर दोनतीन मिनिटांत क्वालिटी सगळ्यात खाली कितीला गेली. सगळ्यात वर किती गेली ते लिहिलंच नाही, त्याचा काही उपयोग नसतो.

मग एक छोटी टेस्ट. मॅन्युअल सर्चमध्ये अशी फ्रिक्वेन्सी टाकली जिथे तिथल्या टॉवरवरून काहीच येत नाही. क्वालिटी शून्य, अपेक्षितच, पण स्ट्रेंथ? 55! काही स्टेशनच नाही आणि पट्टी अर्ध्याच्या वर. काका म्हणाले, "अरे मग आम्ही इतके दिवस काय बघत होतो?" ते 55 म्हणजे टीव्हीच्या मागच्या पॉवर सप्लायचा, बॉक्सचा, एचडीएमआय केबलचा आणि बूस्टरचा मिळून झालेला कचरा. अँटेना तसाच हातात धरून केबल पुरेल तेवढा टीव्हीपासून लांब, साधारण दीड मीटरवर नेला तर तोच आकडा 30 वर आला. टीव्हीच्या मागे अँटेना लपवायची हौस सगळ्यांना असते, दिसायला बरं दिसतं म्हणून, पण घरातली ती सगळ्यात गोंगाटाची जागा आहे आणि वर टीव्हीचा पत्रा अँटेनाला चिकटून, म्हणजे अँटेनाचं मूळ गणितच बिघडतं.

पण हा कचरा दिवसभर सारखाच असतो. संध्याकाळचं कोडं त्याने सुटत नव्हतं.

त्यासाठी दिशा काढली. फोनवर मॅप उघडून टॉवर कुठे आहे ते पाहिलं आणि कंपासने घरातून दिशा धरली. (कंपास बघताना लोखंडी कपाटापासून आणि स्पीकरपासून लांब उभं राहा, नाहीतर भलतीच दिशा दाखवतो.) टॉवर निघाला बेडरूमच्या बाजूला, आणि बाल्कनी त्या दिशेपासून जवळपास काटकोनात. आता टीव्हीमागचा पॅनेल भिंतीला चिकटलेला, तोंड बाल्कनीकडे. असला चपटा पॅनेल समोरून आणि मागून सारखाच सिग्नल घेतो आणि कडेच्या बाजूने, म्हणजे डावीउजवीकडून, जवळपास बहिरा असतो. म्हणजे काकांच्या अँटेनाची बहिरी बाजू टॉवरकडे होती आणि ऐकणारी बाजू बाल्कनीकडे. मग 92 स्ट्रेंथ येत कुठून होती? बाल्कनीच्या समोर तिरकी एक मोठी इमारत आहे, तिच्यावर आपटून.

परावर्तित सिग्नलवर टीव्ही चालतच नाही असं काही नाही. डिजिटल टेरेस्ट्रियलची, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरवरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीची, पद्धतच अशी बनवलीय की डेटा हजारो बारीक लहरींवर पसरवलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी थोडा गार्डचा वेळ सोडलेला असतो, त्या वेळेच्या आत आलेला पडसाद चालून जातो. गोची वेगळीच आहे. थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल जवळपास सारख्या ताकदीचे असले की काही लहरींवर ते एकमेकांना भर घालतात आणि काहींवर एकमेकांना खाऊन टाकतात. आपटून येणाऱ्याचा रस्ता 300 मीटरने लांब असेल तर साधारण दर 1 मेगाहर्ट्झला एक खड्डा पडतो, म्हणजे 8 मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये आठेक खड्डे. एकूण पॉवर तेवढीच राहते म्हणून स्ट्रेंथची पट्टी ढिम्म हलत नाही, पण त्या खड्ड्यांमधला डेटा जातो आणि चुका दुरुस्त करण्याची बॉक्सची सगळी ताकद तिथेच खर्च होते. मग वरून जरा कुठे धक्का बसला की 45 च्या खाली.

धक्का कुठला ते दाराने सांगितलं. पट्टीवर 658 लावून ठेवलं आणि काकूंना म्हटलं, काकू जरा बाल्कनीचं दार लावा. दार लावल्यावर दहाएक सेकंदात क्वालिटी 70 वरून 40 च्या आसपास आली आणि तिथेच घुटमळायला लागली, उघडल्यावर परत वर. कोटिंग केलेल्या काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो सिग्नल चांगलाच अडवतो, म्हणजे दार लागलं की इमारतीवरून येणारा भाग कमी होऊन दोन सिग्नलचा तोल बदलायचा आणि खड्डे खोल व्हायचे. आता संध्याकाळी दार कोण उघडं ठेवतं, डास येतात! दुपारी उघडं, संध्याकाळी बंद, एवढंच त्या "संध्याकाळच्या" मागे होतं. 522 ला फरक पडला नाही कारण लाटेची लांबी वेगळी असली की खड्डे वेगळ्या जागी पडतात, एकाच खोलीत एक गठ्ठा सुखात आणि दुसरा रडत असं सर्रास होतं. त्यामुळे जागा शोधताना पट्टीवर नेहमी सगळ्यात वाईट गठ्ठा लावून ठेवायचा, चांगल्याची काळजी नंतर.

जागा शोधायला सुरुवात केली ती लांब केबल जोडून आणि बूस्टर तसाच ठेवून, एका वेळेला एकच गोष्ट बदलायची म्हणून. काकांना वाटत होतं खिडकीत ठेवू, सगळे तेच सांगतात. हॉलच्या खिडकीत ठेवून बघितला, क्वालिटी अजूनच वाईट, कारण खिडकी बाल्कनीच्याच बाजूला आणि काच तीच. खिडकी चांगली ठरते ती टॉवरच्या बाजूची आणि साध्या काचेची असेल तर, धातूची जाळी नसेल तर.

मग बेडरूमच्या बाजूची भिंत. तिथे बेडरूमच्या भिंतीला लागून पुस्तकांचं लाकडी शेल्फ आहे, त्याच्या वर, छतापासून हातभर खाली. पहिल्याच जागेवर स्ट्रेंथ पडली 71 वर आणि काकांचा चेहरा पण पडला. क्वालिटी मात्र 60 ला येऊन जरा शांत बसली.

इथून पुढचं काम बोटांचं. घरात लाटा भिंतींवर आपटून जिथे तिथे सिग्नलच्या उंच आणि सखल जागा तयार होतात, 658 ची पूर्ण लाट साधारण 46 सेंटीमीटरची, अर्धी 23 ची, म्हणजे बरोबर आपली एक वीत. उंच जागेपासून सखल जागा त्याच्याही अर्ध्यावर, अर्ध्या वितीवर. म्हणून अँटेना एकदम फूटभर इकडून तिकडे नेला तर मधली चांगली जागा हुकते, आणि वीतभर सरकवला तर पुन्हा तसल्याच जागी जाऊन पडायची शक्यता. चार बोटं सरकवायचा, सोडायचा, बाजूला व्हायचं, थांबायचं. बाजूला होणं महत्त्वाचं आहे कारण आपलं शरीर पाण्याने भरलेलं, ते सिग्नल शोषतं आणि परतवतं पण, हातात धरलेला अँटेना 85 दाखवतो आणि सोडून खुर्चीत येऊन बसलं की 50, हा अनुभव ज्यांनी ज्यांनी अँटेना लावलाय त्यांना सगळ्यांना आलेला असतो. आणि थांबायचं याच्यासाठी की पट्टी ताजी नसते, बॉक्स काही सेकंदांची सरासरी काढून दाखवतो, आपण हलवत राहिलो तर मागच्या जागेचा आकडा आत्ताच्या जागेचा समजतो. दहापंधरा सेकंद तरी द्यावेत.

चार बोटं डावीकडे 66, अजून चार बोटं 74, त्याच्यापुढे परत 62. 74 वाल्या जागेवर परत आलो. मग आडवा की उभा ते बघितलं. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या अँटेनांच्या काड्या आडव्या दिसत होत्या, म्हणजे टॉवर आडव्या पद्धतीने सोडतोय, आपला पॅनेलही तसाच ठेवायचा, उभा फिरवल्यावर क्वालिटी 74 वरून 50 च्या खाली गेली. घरात आपटून आपटून लाटा थोड्या तिरक्या होतात त्यामुळे कधीकधी उलटं पण निघतं, फिरवून बघायला वेळ लागत नाही.

आता या केसमधला मला सगळ्यात आवडलेला भाग. पॅनेलचं तोंड बरोबर टॉवरकडे होतं, तरी दार लावलं की क्वालिटी सातआठने हलायचीच. बाल्कनीकडून थोडा पडसाद अजून येत होता. पॅनेलची ऐकणारी बाजू खूप रुंद असते, तोंड वीसतीस अंश इकडेतिकडे झालं तरी टॉवरचा सिग्नल फारसा कमी होत नाही, पण बहिरी बाजू अरुंद असते, ती नेमकी नेम धरून लावता येते. म्हणून टॉवरचा नाद सोडला आणि पॅनेल हळूहळू फिरवत राहिलो, दार उघडं आणि दार बंद यातला फरक कमीत कमी कुठे होतो ते बघत, काकू दाराशी, काका रिमोट धरून आकडे वाचतायत. तोंड टॉवरपासून साधारण वीस अंश वळलेलं असताना कड बरोबर पडसादाकडे झाली. स्ट्रेंथ 71 ची 67 झाली, क्वालिटी 78 ते 84, आणि दार लावा उघडा काही फरक नाही. हॉलमधून माणसं चालत गेली तरी 76 च्या खाली आली नाही. 45 ला फुटतं, म्हणजे मधे भरपूर जागा.

522 तपासला, 86 वर स्थिर. चांगल्याचं नुकसान झालं नाही ना हे बघितल्याशिवाय काम संपत नाही.

मग बूस्टरचा निकाल. मधून काढून केबल सरळ बॉक्सला जोडली. स्ट्रेंथ एकदम 67 वरून 46, क्वालिटी 658 वर 80 ते 85, म्हणजे उलट किंचित बरी. बूस्टर अँटेनाने पकडलेल्या मिश्रणाला आहे तसं मोठं करतो, त्यातला पडसाद आणि कचरा वेगळा काढत नाही, स्वतःचा थोडा कचरा घालतो आणि जवळपास मोबाइलचा टॉवर असेल तर त्याच्या जोराने गुदमरून भलतंच काहीतरी बाहेर टाकतो. त्याचं खरं काम लांब केबल किंवा दोन टीव्हींना वाटणी करताना जे कमी होतं ते भरून काढणं, आणि तेही अँटेनाजवळ लावला तर. पाचसहा मीटरच्या चांगल्या जाड केबलमध्ये 1 डेसिबलच्या आसपास जातं, त्यासाठी बूस्टर नको. एक मात्र सांभाळा, ज्या अँटेनाच्या पोटातच बूस्टर असतो त्याचा करंट काढला तर तो सिग्नल अडवूनच धरतो, तिथे ही टेस्ट चालत नाही. काकांचा वेगळा डबा होता म्हणून जमलं. 46 ची पट्टी बघून ते जरा नाराज होते, "आधी निम्म्याच्या कितीतरी वर होतं रे," पण चित्र समोर चालू होतं.

शेवटी परत पूर्ण सर्च मारला, कारण आधीच्या जागेवर केलेल्या सर्चमध्ये 658 मधलं एक चॅनेल यादीत आलंच नव्हतं, आणि अँटेना दोन बाजूंनी टेप लावून शेल्फवर पक्का केला, पुस्तक काढताना चार बोटं सरकला की सगळी मेहनत गेली.

त्याच रात्री काकूंचा मेसेज, मस्त चालू आहे पण मधेच एकदा टक्क करून चित्र अडकलं आणि लगेच सुरू झालं, पट्टी तर जागच्या जागी. हे वेगळं प्रकरण. दिवा लावताना किंवा फ्रिज सुरू होताना क्षणभराची ठिणगी उडते, तिचा कचरा केबलमध्ये शिरतो, डेटाचा एक छोटा तुकडा जातो आणि सरासरी काढणाऱ्या पट्टीला ते दिसतच नाही. पट्टी स्थिर आणि चित्राला मधूनच एक झटका असेल तर अँटेना हलवू नका, केबल बघा. त्यांची केबल शेल्फच्या मागून दिव्याच्या वायरला गुंडाळल्यासारखी गेली होती आणि जोडाची पिन जरा ढिली होती. केबल हातभर बाजूने नेली, जोड घट्ट केला, झटके जवळपास गेले. दिवा लावताना क्वचित एखादा येतो अजून.

आणि तिसरा एक गठ्ठा आहे, वेगळ्या लांबच्या टॉवरचा, काकांना तोही हवा होता. घरभर फिरलो, स्ट्रेंथ 20 ते 25, म्हणजे बूस्टर काढल्यावर रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर दिसते तेवढीच, आणि क्वालिटी शून्यच्या वर कुठेच नाही. तिथे सिग्नल घरात शिरतच नाहीये, सरकवून फिरवून काही होणार नाही. त्याला गच्चीवर त्या दिशेला तोंड केलेला काड्यांचा अँटेना लागेल, काका विचार करतायत.